‘घालावेत’ आणि ‘घातलेच पाहिजेत’

वसतिगृहातील सायंकाळच्या अभ्यासिकेत इंग्रजी व्याकरणाच्या वह्या तपासताना आम्हांला वर्षानुवर्षे तीन ओळींची तीच यादी दिसत आली आहे. ‘माइट’ म्हणजे शकेल, ‘शुड’ म्हणजे पाहिजे आणि ‘मस्ट’ म्हणजे पाहिजेच. ही यादी चुकीची म्हणता येणार नाही. ती आम्हीच फळ्यावर लिहून दिली होती, आणि परीक्षेत तिच्यावर गुणही मिळत आले. मात्र एका खरिपात आमच्याच एका विद्यार्थ्याने तिचा अपुरेपणा आमच्या पदरात घातला. त्या प्रसंगापासून आमचे जे मत बनले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे ठेवीत आहोत.

पाथरी तालुका कापसाचा. ऑगस्ट-सप्टेंबर महिन्यांत फवारणीचा पंप पाठीवर नाही असे शेतकऱ्याचे घर येथे विरळाच. जोडून आलेल्या सुटीत मुले गावी निघाली, तेव्हा आम्ही त्यांना सांगितले होते की घरात इंग्रजी व मराठी असा दोन्ही भाषांतील मजकूर छापलेली कोणतीही वस्तू आढळली तर ती घेऊन या. कोणी साबणाचे वेष्टण आणले, कोणी तापाच्या गोळ्यांची चिठ्ठी आणली. नववीतील एका मुलाने कापसावरील कीटकनाशकाच्या खोक्यातील घडीपत्रक आणले. ते वाचून दाखवून तो म्हणाला, “सर, मी बाबांना म्हटलं, हातमोजे घाला. बाबा म्हणाले, कागदावर ‘घालावेत’ असं लिहिलंय, ‘घालाच’ असं कुठं लिहिलंय?”

वर्ग हसला, आम्हांला मात्र हसता आले नाही. इंग्रजी बाजूला त्या ठिकाणी ‘मस्ट’ होते. त्या गृहस्थांनी मराठी वाक्याचा जो अर्थ लावला, तो मराठीच्या रीतीने बरोबरच होता. चूक वाचणाऱ्याची नव्हती. ती लिहिणाऱ्याची होती, आणि तशी चूक आम्हीही फळ्यावर करीत आलो होतो.

त्या पत्रकातील आमच्या कामाची वाक्ये थोडक्यात सांगतो. औषधामुळे त्वचेला खाज सुटण्याचा संभव इंग्रजीत ‘माइट’ वापरून सांगितला होता. फवारणी सकाळी किंवा सायंकाळी करण्याचा सल्ला ‘शुड’ने दिला होता. मिश्रण तयार करताना हातमोजे घालण्याची सक्ती ‘मस्ट’ने केली होती. मराठी बाजूला ही वाक्ये अशी उतरली होती : ‘त्वचेला खाज सुटू शकते. फवारणी सकाळी किंवा सायंकाळी करावी. मिश्रण तयार करताना हातमोजे घालावेत.’ इंग्रजीत तीन पायऱ्या होत्या, मराठीत दोनच उरल्या. ‘करावी’ आणि ‘घालावेत’ ही दोन्ही रूपे एकाच साच्यातील असल्याने सल्ला आणि सक्ती शेजारी शेजारी, एकाच उंचीवर येऊन बसली.

वास्तविक त्या दोन सूचनांत किती अंतर आहे ते पाहावे. भर दुपारी फवारणी केली तर औषध लवकर वाळते, त्याचा परिणाम कमी होतो आणि मुख्यतः पैसा वाया जातो. डब्यातील औषध मात्र पाणी मिसळण्यापूर्वी संहत असते. पंपात गेल्यावर ते सौम्य होते. पण झाकण उघडून माप भरताना हातावर पडते ते मूळ तीव्रतेचे. कापसावर वापरली जाणारी काही औषधे कातडीवाटेच रक्तात शिरतात. म्हणजे हातमोज्यांची खरी गरज शेतात फिरताना आहेच, पण ती सर्वांत जास्त आहे बांधावर बसून बादलीत मिश्रण कालवताना. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांना व शेतमजुरांना विषबाधा झाली, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले आणि अनेकांचे प्राण गेले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि तिचा दोष एखाद्या क्रियापदावर टाकणे हा भाबडेपणा ठरेल. तथापि अशा कामात माणसाच्या हाती जो एकमेव लेखी शब्द असतो, तो किती जोराचा आहे हे त्याला कळावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

विशेष म्हणजे कायद्याने विषाची तीव्रता शब्दांच्या भरवशावर सोडलेली नाही. कीटकनाशक अधिनियम १९६८ आणि त्याखालील १९७१ चे नियम यांनुसार डब्यावर चौकट असते व तिच्या खालच्या त्रिकोणात रंग असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे सौम्य. अक्षरओळख नसलेल्यालाही चार पायऱ्या दिसतात. घडीपत्रक हिंदी, इंग्रजी व प्रादेशिक भाषेत असावे, असेही नियम सांगतात. परंतु पत्रकातील कोणती सूचना लाल आणि कोणती हिरवी, हे दाखवणारा रंग नाही. ते काम क्रियापदाने करायचे असते.

मग मराठी क्रियापद ते का करीत नाही? याचे उत्तर शाळेत शिकवल्या जाणाऱ्या विध्यर्थातच आहे. ‘-वा, -वी, -वे’ या प्रत्ययांचे रूप आपण विध्यर्थी म्हणतो आणि त्याचे अर्थ म्हणून कर्तव्य, योग्यता, इच्छा, शक्यता व तर्क अशी नावे पाठ करून घेतो. ‘मुलांनी वेळेवर झोपावे’ हे कर्तव्य झाले. ‘गळा असणाऱ्याने गावे’ ही योग्यता झाली. ‘यंदा तरी गोदेला पाणी यावे’ ही इच्छा झाली. ‘दिवा दिसतो, तेव्हा तो घरीच असावा’ हा तर्क झाला. एकच प्रत्यय इतकी ओझी वाहतो, म्हणून त्याच्या अंगी स्वतःचे ठराविक वजन राहत नाही. ते वजन बोलणाऱ्याच्या अधिकारातून, प्रसंगातून आणि आवाजातून येते. पाककृतीतील ‘चवीपुरते मीठ घालावे’ आणि परीक्षा केंद्रावरील ‘ओळखपत्र सोबत आणावे’ यांचे व्याकरण एकच आहे. पण पहिले मोडले तर आमटी अळणी होते आणि दुसरे मोडले तर दारातून परत जावे लागते.

बोलण्यात ही अडचण येत नाही, कारण समोर माणूस असतो. छापील कागदाला आवाज नसतो, त्यामुळे तेथे ‘-वे’ मऊ पडते. पालकांना याचा अनुभव शिष्यवृत्तीच्या अर्जावेळी येतो. ‘भ्रमणध्वनी क्रमांक लिहावा’ आणि ‘उत्पन्नाचा दाखला जोडावा’ या दोन ओळी अर्जावर एकाखाली एक असतात. क्रमांक राहिला तर कोणी विचारीत नाही, दाखला राहिला तर अर्ज बाद होतो. असा बाद झालेला अर्ज हातात घेऊन आलेली एक माता आम्हांला म्हणाली होती, “जोडावा म्हणजे असला तर जोडावा, असं वाटलं.” तिचे वाटणे भाषेच्या बाहेरचे नव्हते.

नकारात हा घोळ आणखी वाढतो. त्याच पत्रकात पुढे दोन वाक्ये होती. पाऊस येण्याच्या बेतात असताना फवारणी ‘करू नये’, आणि औषधाचा रिकामा डबा पाणी किंवा धान्य ठेवण्यासाठी ‘वापरू नये’. पहिल्या ठिकाणी इंग्रजीत ‘शुड नॉट’ होते, दुसऱ्या ठिकाणी ‘मस्ट नॉट’. पहिली सूचना मोडली तर औषध धुऊन जाते. दुसरी मोडली तर घरातील लेकरू दगावू शकते. मराठीत दोन्हींना ‘नये’ हा एकच शब्द मिळाला. आणि इंग्रजीतील ‘मस्ट’चा नकार करताना मुले याच्या उलटही चूक करतात. ‘यू मस्ट नॉट गो’ याचे भाषांतर ते ‘तुला जायला नको’ असे करतात. मराठीत ‘जायला नको’ म्हटले की ‘जाण्याची गरज नाही’ असा अर्थही निघतो. इंग्रजीत त्या अर्थासाठी ‘नीड नॉट’ हे वेगळे रूप आहे. मनाई आणि सवलत यांची अशी अदलाबदल झाली, तर वाक्याचा अर्थ पार उलटतो.

यावरून कोणी मराठीला दुबळी म्हणेल, तर ते आम्हांला मान्य नाही. मराठीत तीनच काय, तेरा पायऱ्या दाखवता येतात. फरक एवढाच की इंग्रजी आपले वजन एका शब्दात साठवते आणि मराठी ते वाक्यभर पसरवते. ‘पाहिजे’ हेच घ्या. ते मुळात ‘पाहणे’ याचेच जुने कर्मणी रूप असून ज्याची वाट पाहिली जाते, जे हवे असते, असा त्याचा मूळ भाव. म्हणून ‘हातमोजे घातले पाहिजेत’ यात गरज बोलते. ‘हातमोजे घालावे लागतील’ यात बाहेरची सक्ती बोलते, मग ती घालणाऱ्याला पटो वा न पटो. ‘हातमोजे घालणे बंधनकारक आहे’ यात नियम बोलतो. आणि आमच्या मते सर्वांत खणखणीत, अस्सल मराठी ‘मस्ट’ दोन नकारांनी बनतो : ‘हातमोजे घातल्याशिवाय झाकण उघडू नका.’ येथे सल्ल्याला जागाच उरत नाही. शिवाय सूचना नेमक्या क्षणाला बांधली जाते. वर्गात हे वाक्य त्या मुलाने स्वतः तयार केले, आणि ते मूळ इंग्रजी वाक्यापेक्षा उपयोगी होते हे मान्य करावे लागेल.

‘च’ हे अक्षर मराठीचे मोठे हत्यार आहे. पण ते कोठे लावावे हे कळले पाहिजे. ‘हातमोजे घातलेच पाहिजेत’ यात ‘च’ क्रियेवर बसतो आणि सक्ती निर्माण होते. ‘हातमोजेच घालावेत’ म्हटले की सक्ती वाढत नाही, तर हातमोज्यांऐवजी दुसरे काही घालू नये एवढाच अर्थ निघतो. ‘फवारणाऱ्यानेच हातमोजे घालावेत’ म्हटले, तर बांधावर औषध कालवून पंप भरून देणारी बाई त्यातून सुटते, आणि सर्वांत तीव्र औषध तिच्याच हाताखाली असते. एक अक्षर दोन शब्द अलीकडे सरकले, तर संरक्षणाची सूचना धोक्याची होऊ शकते. म्हणून ‘मस्ट’साठी नुसता ‘च’ पाठ करून भागत नाही. तो क्रियापदाला लावायचा, हे सोबत शिकवावे लागते.

आणि ‘च’ची उधळपट्टीही होते. आम्ही एकदा वसतिगृहाचे नियम नव्याने लिहिले, तेव्हा उत्साहाच्या भरात प्रत्येक ओळीत ‘च’ घातला. दिवे दहा वाजता बंद झालेच पाहिजेत, चादरीची घडी घातलीच पाहिजे, आजारी पडल्यास अधीक्षकांना कळवलेच पाहिजे. महिनाभरात ध्यानात आले की मुले घडीचा ‘च’ आणि आजाराचा ‘च’ एकाच मापाने मोजतात. एका मुलाने दोन रात्री ताप अंगावर काढला. विचारले तेव्हा म्हणाला, “सर, नियम तर सगळेच तसे आहेत.” नंतर आम्ही ‘च’ दोनच नियमांना ठेवला, एक आजाराचा व दुसरा आवाराबाहेर जाण्याचा. उरलेले नियम साध्या ‘-वे’ने लिहिले. सगळ्यालाच ‘मस्ट’ म्हटले की ‘मस्ट’चे ‘शुड’ होते.

आता ‘माइट’कडे वळू. येथे अडचण उलट दिशेची आहे. ‘खाज सुटू शकते’ यातील ‘शकणे’ मराठीत मुळात सामर्थ्याचे क्रियापद आहे. ‘ती पोहू शकते’ यात शक्यता नसून ताकद आहे. वृत्तपत्रांच्या व पत्रकांच्या भाषेमुळे हे क्रियापद शक्यतेसाठी सर्रास वापरले जाते, आणि ते चूक म्हणण्याचे आता कारण नाही. परंतु घरात कोणी ‘आज मामा येऊ शकतात’ असे म्हणत नाही. ‘आज मामा येतीलही’ किंवा ‘एखादे वेळी येतील’ असे म्हणतात. त्या ‘ही’मध्ये ‘न येतील’ ही बाजूही उघडी राहते. ‘च’ जसा दार लावून घेतो, तसा ‘ही’ दार किलकिले ठेवतो. इंग्रजी ‘माइट’चे खरे मराठी रूप आमच्या मते या एका अक्षरात आहे.

शक्यतेचे मोजमाप हरवले की काय होते, हे आपल्या जिल्ह्याला पाऊस शिकवतो. भारतीय हवामान विभागाच्या इंग्रजी पत्रकात शक्यतेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. नुसते ‘लाइकली’ म्हटले की शंभरात पंचवीस ते पन्नास, ‘व्हेरी लाइकली’ म्हटले की पन्नास ते पंचाहत्तर आणि ‘मोस्ट लाइकली’ म्हटले की त्याहून अधिक. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शुक्रवारी, शेतकऱ्यांसाठी मराठीत सल्ला निघतो. तो भ्रमणध्वनीवरून गावोगाव फिरता फिरता अनेकदा ‘पावसाची शक्यता’ एवढाच उरतो. शंभरात तीसची शक्यता आणि शंभरात ऐंशीची शक्यता ऐकणाऱ्याच्या कानी सारखीच पडते. पहिल्या प्रकारात पाऊस आला नाही की ‘सांगितले होते, आला नाही’ असा शेरा बसतो, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या प्रकारचा इशाराही कोणी मनावर घेत नाही. ‘पाऊस येईलही’, ‘बहुधा येईल’ आणि ‘येणारच असे दिसते’ ही तीन वाक्ये आपल्या बोलीत तयार आहेत. ती छापायला संकोच कशाला?

आणखी एक ठेच नमूद करतो, कारण तिथे विद्यार्थी हमखास अडखळतात. इंग्रजी ‘मस्ट’ सक्तीसाठी येतो तसा खात्रीच्या अनुमानासाठीही येतो. ‘ही मस्ट बी इल’ याचे भाषांतर मुले ‘तो आजारी असलाच पाहिजे’ असे करतात. जणू आजारी पडण्याचा हुकूमच सुटला आहे! काही जण ‘तो आजारी असावा’ असे करतात. हे मराठी आहे, पण सौम्य आहे. त्यात अंदाज आहे, खात्री नाही. ‘तो आजारी असणारच’ किंवा ‘तो नक्की आजारी असणार’ म्हटले म्हणजे बरोबरी होते. म्हणजे हुकूम देताना ‘-वे’ जसा ‘मस्ट’पेक्षा मऊ पडतो, तसाच अनुमान करतानाही पडतो.

शब्दाचे वजन शेवटी कोठून येते, याचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र शेताबाहेरचे आहे, आणि ते आपल्या शाळेच्या अस्तित्वाशीच निगडित आहे. कायद्याच्या मराठीत सक्तीसाठी ‘-वे’ टाळून साधा भविष्यकाळ वापरण्याची रीत पडली आहे : राज्य अमुक ‘करील’, तमुक ‘देईल’. संविधानाच्या मूळ पंचेचाळिसाव्या अनुच्छेदात चौदा वर्षांपर्यंतच्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत सांगितली होती. पण तेथे राज्य शिक्षण ‘देईल’ असे नव्हते, देण्याचा ‘प्रयत्न करील’ असे होते. शिवाय तो अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांत होता, आणि ती तत्त्वे शासनव्यवहारात मूलभूत असली तरी न्यायालयामार्फत अंमलात आणता येत नाहीत, असे सदतिसावा अनुच्छेद सांगतो. दहा वर्षांची मुदत १९६० मध्ये उलटली. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने एकविसाव्या अनुच्छेदाला ‘क’ जोडला गेला, त्यातून ‘प्रयत्न’ गेला आणि सहा ते चौदा वर्षांच्या बालकांसाठी नुसते ‘देईल’ राहिले. तेही मूलभूत हक्कांच्या भागात. ही तरतूद प्रत्यक्ष लागू झाली १ एप्रिल २०१० रोजी. ‘शुड’पासून ‘मस्ट’पर्यंतचा हा प्रवास करायला एका देशाला साठ वर्षे लागली. या काळात ज्यांची शाळा सुटली, त्यांची नावे आपल्या वाड्या-वस्त्यांवर घरोघरी सापडतील.

म्हणून भाषांतर करताना शब्दकोश उघडण्यापूर्वी आम्ही मुलांना आता एकच प्रश्न विचारायला लावतो : हे केले नाही तर काय होईल, आणि ते कोण भोगेल? उत्तर ‘फारसे काही नाही’ असे आले, तर ‘करावे’ किंवा ‘केलेले बरे’ पुरते. उत्तर ‘नुकसान’ असे आले, तर ‘केले पाहिजे’. उत्तर ‘जीव जाईल’ किंवा ‘हक्क जाईल’ असे आले, तर ‘केलेच पाहिजे’, ‘केल्याशिवाय करू नका’, ‘न केल्यास अर्ज बाद होईल’. आणि उत्तर ‘सांगता येत नाही’ असे आले, तर ‘होईलही’. शासकीय कार्यालयांत, बँकांत व रुग्णालयांत बसून रोज सूचना लिहिणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनाही आमचे एवढेच सांगणे आहे. इंग्रजी परिपत्रकातील ‘शुड’ अनेकदा सभ्य भाषेतील हुकूमच असतो. तो ‘-वे’ने उतरवून मोकळे होऊ नका. परिणाम काय तो त्याच ओळीत लिहा.

त्या नववीच्या मुलाने वर्गात तयार केलेले दोन नकारांचे वाक्य मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून घरी नेले व औषधे ठेवण्याच्या फळीवर चिकटवले. पुढच्या सुटीहून परतल्यावर आम्ही विचारले, “बाबांनी काय म्हटलं?”

तो म्हणाला, “म्हणाले, असं लिहायचं ना मग.”

फळ्यावरील आमची तीन ओळींची यादी आता आम्ही लिहीत नाही.